विमानातलं वायफाय आणि कॉलिंग: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेले काही महिने कामासाठी सारखं लांबच्या फ्लाइटने जाणं होतंय आणि जमेल तेव्हा विमानातलं वायफाय घेतलंय, म्हणून सविस्तर लिहितोय. एअरप्लेन मोड लावला की फोनचं सगळंच बंद होतं असं खूप जणांना वाटतं, पण पक्कं बंद होतं ते सिमचं नेटवर्क. वायफाय आणि ब्लूटूथ बंद झालं तरी हाताने परत चालू करता येतं, मोड तसाच राहतो, आणि नवीन फोनमध्ये हेडफोन जोडलेले असतील तर ब्लूटूथ बंदही होत नाही. जीपीएस नुसतं सिग्नल घेतं, पाठवत काही नाही, त्यामुळे बऱ्याच फोनमध्ये ते चालूच असतं. खिडकीजवळची सीट असेल आणि नकाशा आधी डाउनलोड केलेला असेल तर खाली कुठलं गाव आहे ते मस्त कळतं.

आता मुख्य गोष्ट. विमानात इंटरनेट दोन वेगवेगळ्या वाटांनी मिळतं आणि त्यांची बिलं पण वेगळी येतात. पहिली वाट वायफायची, यात एअरप्लेन मोड चालूच ठेवायचा, पैसे एअरलाइनला द्यायचे, आधीच ठरलेले. दुसरी वाट म्हणजे विमानातलं मोबाइल नेटवर्क. काही विमानांत केबिनमध्येच एक छोटासा टॉवर बसवलेला असतो, त्याला पिकोसेल म्हणतात, आणि तो सॅटेलाइटमार्गे जमिनीशी जोडलेला असतो. एअरप्लेन मोड काढला की फोन त्याला रोमिंगसारखा जोडला जातो आणि पैसे तुमच्या सिमकंपनीच्या बिलात लागतात.

मग एअरप्लेन मोड नसला तर धोका असतो म्हणतात ते काय, असं कुणीही विचारेल. टॉवर लांब असला की फोन जोर लावून ओरडतो, १८०० मेगाहर्ट्झच्या जीएसएमवर १ वॅटपर्यंत, आणि उंचावरून तो एकाच वेळी खालच्या कितीतरी टॉवरना ऐकू जातो. पिकोसेल हाताच्या अंतरावर असल्याने तो फोनला १ मिलिवॅटवर आणतो, म्हणजे हजारपट कमी. शिवाय खालचे टॉवर फोनला ऐकूच येऊ नयेत म्हणून अनेक विमानांत केबिनमध्ये हलका रेडिओ गोंगाट सोडलेला असतो. ही सगळी यंत्रणा साधारण ३००० मीटरच्या वर गेल्यावरच चालू करतात, म्हणून टेकऑफ-लँडिंगला मोड लावायचाच, त्यात सूट नाही.

आमच्या ऑफिसमधल्या एकाचं काय झालं बघा. त्याने मोड लावलाच नव्हता, डेटा रोमिंग चालू, आणि रात्रभर झोपला. फोन वरती गेल्यावर पिकोसेलला जोडला गेला, फोटोंचा बॅकअप आणि ॲप अपडेट मागे चालूच, आणि उतरल्यावर बिलाचा मेसेज. त्याच्याकडे रोमिंग पॅक होता, पण तो जमिनीवरच्या देशांसाठी, आणि विमानातलं नेटवर्क बऱ्याच पॅकमध्ये धरत नाहीत. ओळखायचं सोपं आहे, स्क्रीनवर वरती तुमच्या कंपनीऐवजी AeroMobile सारखं नाव दिसलं किंवा वेलकम मेसेज आला की समजायचं मीटर चालू झाला. निदान डेटा रोमिंग तरी बंद ठेवा.

वायफायबद्दल सांगायचं तर स्पीडपेक्षा उशीर जास्त जाणवतो. जुना सॅटेलाइट जवळपास ३६ हजार किलोमीटरवर असतो, विनंती वर जाऊन खाली यायची आणि उत्तर परत त्याच वाटेने, म्हणजे नुसत्या प्रवासातच अर्धा सेकंद गेला. मेसेज पाठवताना काही वाटत नाही पण वेबपेज उघडताना अशा बऱ्याच फेऱ्या होतात, त्यामुळे पान रखडतं. साधारण ५५० किलोमीटरवरच्या सॅटेलाइटवाली विमानं आता येतायत, त्यात हा फरक लगेच कळतो. व्हॉइस कॉल मात्र कनेक्शन चांगलं असलं तरी बहुतेक ठिकाणी एअरलाइनच बंद ठेवते, बाजूच्यांना त्रास नको म्हणून, आणि मला हे बरोबरच वाटतं.

सगळ्यात जास्त अडचण होते ती ओटीपीची. वायफायचे पैसे भरायला ओटीपी लागतो, तो एसएमएसने येतो आणि सिम तर बंद. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू असेल आणि तुमची कंपनी देत असेल तर एसएमएस वायफायवरून येऊ शकतो, पण त्यासाठी आधी इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी आधी पैसे हवेत. म्हणून वायफायचा पास बोर्डिंगच्या आधीच एअरलाइनच्या वेबसाइटवरून घ्या, आणि वरती गेल्यावर लॉगिनचं पान उघडलं नाही तर व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस बंद करून बघा, बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं.