बाटली की बोंडलं: बाळाच्या डॉक्टरांना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

दीड महिन्याच्या लसीला आलो तेव्हा बाळ दूध फार ओकतं, म्हणून मी घाबरलो होतो. वजन २.९ वरून ३.८ किलो झालेलं पाहून तुम्ही निर्धास्त केलंत. दुपारी बायको शिकवण्यांना जाते, तेव्हा काढून ठेवलेलं दूध मी पाजतो. ते बाटलीने की बोंडल्याने, म्हणजे चोच असलेल्या छोट्या वाटीने, हे करून बघा आणि कळवा म्हणालात. दुसऱ्या बाबांनाही सांगता येईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाटली सोयीची, यात वाद नाही. ८० मिली दूध पाच मिनिटांत फस्त, एक थेंब सांडत नाही, दुसऱ्या हाताने फोनही घेता येतो. बोंडल्याला तेवढ्याच दुधाला वीस मिनिटं लागतात, त्यातलं थोडं लाळेऱ्यावर जातं, त्यामुळे पोटात नक्की किती गेलं ते कळत नाही. घाईच्या घरी बाटलीच परवडेल, हे मान्य.

पण एका गोष्टीने मी वैतागलो. बाटली बाळासाठी थांबत नाही. श्वास घ्यायला त्याने चोखणं थांबवलं तरी बाटलीच्या निपलमधून थेंब पडतच राहतात. मग तो गटागट गिळतो, मुठी आवळतो, मान फिरवतो आणि मी ‘एवढंच राहिलंय रे’ म्हणत निपल पुन्हा तोंडात देतो. दहा मिनिटांनी माझ्या खांद्यावर आंबूस दह्याचा ओघळ! संध्याकाळी आई अंगावर घ्यायला गेली की आणखी तमाशा. तिथे पान्हा फुटायला मिनिटभर लागतं आणि याला धीर नसतो.

बोंडल्याचं तंत्र जमायला चार दिवस लागले. आजी मांडीवर आडवं घेऊन घशात ओतायची, तसं नाही. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बोंडलं अर्धंच भरायचं, चोच खालच्या ओठावर टेकवून दूध ओठाला लागेल इतकंच कलवायचं. जीभ बाहेर येते, मांजराच्या पिल्लासारखा लपलप करतो. पुरे झालं की ओठ मिटतो. संपलं!

ओकणं थांबलेलं नाही, दिवसातून दोनदा होतंच. पूर्वी पाच-सहा वेळा व्हायचं. श्रेय बोंडल्याचं, की त्यानंतर वीस मिनिटं उभं धरतो त्याचं, की वाढत्या वयाचं, ते तुम्हीच सांगा. मी आपला बोंडल्याकडे झुकलोय. बाटली प्रवासापुरती ठेवलीय, तीही आडवी धरून, मध्ये मध्ये थांबत.

हिरवी उलटी, रक्त, जोरात लांबवर फेकलेली उलटी किंवा लंगोट कमी ओले होणं, हे दिसलं तर लगेच या, असं तुम्ही बजावलं होतंत. यातलं काहीच नाही. लंगोट तर वाळवायला दोरी पुरत नाही.

अडीच महिन्यांच्या लसीला बोंडलं घेऊन येतो. चोचीच्या आतला भाग ब्रशने नीट निघतो का, याची मला अजून शंका आहे, तेवढं बघा. साधी वाटी-चमचाच बरी म्हणालात तर तेही करून पाहीन.

आपला,
बाळाचा बाबा