कोलॅब, टॅग की कॅप्शनमध्ये नाव? चौघांनी मिळून केलेल्या रीलचं क्रेडिट कुठे द्यायचं

परवा एका भाचीनं विचारलं की मामा, आम्ही चौघं मिळून राजवाड्यावर रील करतोय, माझ्या अकाउंटवरून टाकणार आहे, बाकीच्यांना टॅग केलं की झालं ना? नाही झालं. म्हणून हे लिहितोय, कारण इंदूरमध्ये मी हेच करून एक चांगला कॅमेरावाला घालवलाय.

आमची रील होती कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे होळकरांच्या स्मारकांवर, नव्वद सेकंदांची. कॅमेरा एका मित्राचा, पहाटे साडेपाचला येऊन उभा राहिला होता बिचारा. माहिती शेजारच्या काकूंनी सांगितली, आवाज माझा, एडिट एका ज्युनिअरचं. मी कॅप्शनमध्ये लिहिलं "माझ्या भन्नाट टीमला थँक्यू" आणि दोघांना फोटोत टॅग केल्यासारखं टॅग केलं (काकू इन्स्टावर नाहीतच). आठवड्यानं कोणीतरी लिहिलं की भिया, काय शूट केलंय तू, आणि मी खाली हार्ट दिलं. तेवढंच. पुढच्या शूटला मित्राला फोन केला तर म्हणे "बघतो". तो "बघतो" अजून चालूच आहे.

आता टॅग काय करतं बघा. टॅग केलेला माणूस रीलवर असतो, पण तो दिसायला लोकांना टॅगवर बोट ठेवावं लागतं, आणि ती रील त्याच्या प्रोफाइलवर वेगळ्या टॅगच्या खणात जाते, त्याच्या स्वतःच्या कामात नाही. लाइक, कमेंट सगळं तुमचंच. शिवाय टॅग नुसतं इतकंच सांगतो की हा कुठेतरी होता, काय केलं ते नाही. लग्नाच्या फोटोत मामेभावाला टॅग करतो तसंच.

कोलॅब वेगळं. पोस्ट टाकताना `Tag people` मध्ये जाऊन कोलॅबचं आमंत्रण द्यायचं, समोरच्यानं स्वीकारलं की वर दोघांची नावं येतात, रील दोघांच्या प्रोफाइलवर दिसते आणि लाइक-कमेंट एकच असतात. कॅमेरावाल्याला पुढचं काम त्याचं प्रोफाइल बघून मिळतं, त्यामुळे त्याच्यासाठी हेच खरं क्रेडिट, थँक्यू नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेव. आमंत्रण स्वीकारेपर्यंत त्याचं नाव वर येत नाही, म्हणून टाकल्यावर लगेच फोन करून सांगायचं, नाहीतर पहिले काही तास, जेव्हा सगळे बघतात, तेव्हा तू एकटीच दिसशील. आणि मालक तूच, तू डिलीट केलीस तर त्याच्याकडूनही गेली, तर विचारल्याशिवाय उडवायची नाही.

कोलॅब मात्र सगळ्यांना देऊ नये असं माझं मत. ज्याच्याशिवाय ही रील झालीच नसती त्याला, बाकी कॅप्शनमध्ये. आणि कॅप्शनमध्ये नुसती नावं ओळीनं नकोत, काम लिहायचं: कॅमेरा कोण, एडिट कोण, छत्र्यांची माहिती कोणी सांगितली. हे पहिल्या ओळीतच, कारण पुढचं `more` दाबल्याशिवाय दिसत नाही आणि ते कोण दाबतं सांगा.

पण खरी गंमत पुढे आहे. लोक रील डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपला ढकलतात, आणि तिथे कॅप्शनही जात नाही, कोलॅबही नाही, टॅगही नाही. फाइल तेवढी जाते. त्यामुळे आमच्या काकूंसारखी माणसं, ज्यांचं अकाउंटच नाही, त्यांचं नाव व्हिडिओवरच लिहिल्याशिवाय उरत नाही. तेही शेवटच्या काळ्या पाटीवर नको, तिथपर्यंत कोणी थांबत नाही. काकू जे सांगत होत्या ते वाक्य सुरू होतं तिथेच त्यांचं नाव दोन-तीन सेकंद, आणि फ्रेमच्या मधोमध, कारण खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं अक्षरं झाकतात. एकदा टाकलेल्या रीलमधला व्हिडिओ बदलता येत नाही, कॅप्शन नंतर सुधारता येतं, म्हणून व्हिडिओवरचं नाव आधी तपासायचं, स्पेलिंगसकट (आडनावं चुकली की काकू लोक फार मनाला लावून घेतात, आणि बरोबरच आहे).

तर भाचीला मी हे सांगितलं: कॅमेऱ्याला कोलॅब, एडिटवाल्याचं काम कॅप्शनच्या पहिल्या ओळीत, सांगणाऱ्या आजोबांचं नाव फ्रेमवर. आणि शूटच्या आधी, पोहे खाताना, चौघांना विचार की कोणाला कुठे नाव हवंय, एखाद्याला नकोच असतं, ऑफिसमध्ये कळू नये म्हणून. टाकायच्या आदल्या रात्री कॅप्शन सगळ्यांना पाठव. कोणी कमेंटमध्ये तुझ्या शूटचं कौतुक केलं तर हार्ट देऊन थांबू नकोस, तिथेच कॅमेरावाल्याचं नाव लिही.

तिनं विचारलं, मामा तुझी जुनी रील? कॅप्शन बदललंय, पहिल्याच ओळीत मित्राचं नाव आहे आता. त्यानं लाइक केलंय, फोन अजून नाही आला.