मानेची नस ७५ टक्के बंद: गोळ्या की ऑपरेशन?

पंचवटीतल्या आमच्या काकांच्या डाव्या कॅरोटिडमध्ये, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेच्या नसेत, डॉप्लर सोनोग्राफीने ७५ टक्के अडथळा दाखवला. "गोळ्यांवर भागेल ना रे?" काका म्हणाले. मी विचारलं, परवा चहाचा कप उजव्या हातातून का निसटला? दहा मिनिटं हात लुळा, मग ठीक. तो मेंदूचा छोटा झटकाच. नस डावी, हात उजवा, कारण मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते.

अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, बीपीची गोळी ऑपरेशननंतरही सुटत नाही. पण त्या नसेत साचलेला चरबीचा थर काढत नाहीत. ऑपरेशन काढतं, मात्र त्यातही झटक्याचा धोका असतो. तुमच्या हातून शंभरात किती जणांना असं होतं, हे सर्जनला विचाराच. सहाच्या वर असेल तर दुसरा शोधा.

लक्षणंच नसतील तर फायदा कमी, बहुतेकांना गोळ्या आणि अधूनमधून डॉप्लर पुरतं. काकांसारख्यांना ऑपरेशन, तेही झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत.