भिंतीवरचा हूक: 3डी प्रिंटरवर उभा छापावा की कुशीवर?

पाठीची पट्टी प्रिंटरच्या सपाट बेडवर टेकवून छापला, तर स्क्रूचं भोक छान गोल येतं. पण दांडा मनोऱ्यासारखा थरावर थर चढत जातो. पिशवी टांगली की दांड्याच्या मुळाशी, वरच्या बाजूला ताण येतो आणि थर एकमेकांपासून सुटतात. माझा पीएलए प्लास्टिकचा हूक असाच गेला. तुटलेली जागा सुरीने कापल्यासारखी सपाट, थेट थराच्या रेषेवर.

तोच हूक कुशीवर झोपवला की प्रत्येक थरातला प्लास्टिकचा धागा पट्टीतून वळून सलग दांड्यात जातो. ओढ धाग्यावर येते, थरांच्या जोडावर नाही. हुकाच्या बाहेरच्या कडेने फिरणाऱ्या धाग्यांच्या रांगा, म्हणजे भिंती, 2 ऐवजी 4 ठेवल्या की असे धागे वाढतात. भोकाचं छत मात्र किंचित लोंबतं. तेवढं ड्रिलने साफ करतो.