करारनामा, सामंजस्य करार की नुसती समजूत?

लालबागच्या दोन जावा मसाल्याचा धंदा काढायचं ठरवून माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. मी फोर्टात दस्तांचे मराठी मसुदे करते. गाळा थोरलीचा, दोन लाख रुपये आणि दिवसभराची मेहनत धाकटीची. कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं 'सामंजस्य करार', कारण पेपरात मोठ्या कंपन्या तेच करतात. थोरलीला 'करारनामा' हा शब्द घरात परका वाटत होता. धाकटीला 'समजूत' फार पातळ वाटत होती.

आपल्याकडे घोळ होतो तो 'करार' या शब्दामुळेच. 1872 चा भारतीय करार कायदा दोन गोष्टी वेगळ्या मानतो. एकाने दुसऱ्याला मोबदल्यावर वचन दिलं, ही झाली एक. त्यातली जी वचनं कोर्ट पाळायला लावू शकतं, ती दुसरी. सरकारी मराठीत या दुसरीला 'संविदा' म्हणतात, पण मसाला बाजारात तो शब्द कुणी उच्चारत नाही. बोलण्यात दोन्ही 'करार'च. राजकारणातही तेच होतं. 1932 चा पुणे करार आणि 1953 चा नागपूर करार यांच्यामागे नेत्यांची राजकीय बांधिलकी होती, गाळ्याच्या व्यवहारासारखा मोबदला नव्हता. 'तह' मात्र आपण राखून ठेवला आहे. तो लढाईनंतरचा. 1665 चा पुरंदरचा तह आठवा. दोन जावांच्या कागदावर 'तह' लिहिलं तर वाचणारा आधी भांडण कधी झालं ते विचारेल. 'तडजोड' आणि 'समझोता' यांनाही तोच वास आहे, म्हणून धंदा सुरू करताना हे तिन्ही शब्द नकोत.

आता 'सामंजस्य करार'. इंग्रजीत या कागदाच्या नावात समजुतीचा उल्लेख आहे, कराराचा नाही. मराठीत उतरवताना त्याला 'करार' चिकटला आणि तो आहे त्याहून भारदस्त वाटू लागला. 'पुढे सविस्तर करार करायचा आहे, तोवर दिशा एवढी ठरली' असं सांगायला तो योग्य आहे. ज्यांचे पैसे आजच गुंतणार आहेत त्यांच्या कामाचा तो नाही. मात्र नुसतं नाव बदलून भागत नाही. कोर्ट मथळ्यापेक्षा आतला मजकूर आणि दोघांचा हेतू पाहतं. नाव सामंजस्याचं आणि आत पक्की देणी-घेणी असतील, तर तो बंधनकारकही ठरू शकतो.

खरी अडचण या जावांच्या चौथ्या ओळीत होती: 'नफा सोयीनुसार वाटून घेऊ.' सोय कुणाची? ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, असा करार त्याच 1872 च्या कायद्याच्या कलम 29 नुसार निरर्थक ठरतो. या ओळीपेक्षा काहीच न लिहिणं बरं, कारण 1932 च्या भागीदारी कायद्यात वाटा ठरलेला नसेल तर नफा-तोटा समान धरतात. पण तिथेही धाकटीचं नुकसान होतं. वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराला कामाचा पगार मिळत नाही. मिरची कुटण्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळं तीच पाहणार होती.

मी हे सांगितलं तेव्हा थोरली म्हणाली, "अहो, आम्ही एका घरातल्या. असं सगळं लिहायचं म्हणजे अविश्वास."

तिची भावना मला पटली, म्हणूनच सगळं एका शब्दाखाली कोंबायला मी तयार नव्हते. घरातली वचनं कोर्टात नेण्यासाठी नसतातच. 1919 मध्ये इंग्लंडमध्ये एका पत्नीने सिलोनमध्ये नोकरी करणाऱ्या नवऱ्याने कबूल केलेले दरमहा 30 पौंड मागितले. कोर्टाने ते नाकारलं, कारण वचन देताना दोघांच्याही मनात कायद्याचं बंधन नव्हतं. पण जावा-जावांनी पैसे घालून दुकान काढलं की तो नुसता घरगुती शब्द उरत नाही.

म्हणून आम्ही दोन कागद केले. पहिल्याचं नाव 'भागीदारी करारनामा'. त्यात भांडवल दोन लाख, गाळा वापरायला मिळेल पण मालकी थोरलीचीच, धाकटीला दरमहा ठरावीक पगार, तो वजा जाता उरलेला नफा निम्मा-निम्मा, आणि एकीला बाहेर पडायचं झालं तर तीन महिन्यांची पूर्वसूचना. दुसऱ्या कागदावर फक्त 'आमचं ठरलं' असं लिहिलं. गणपतीच्या गर्दीत दुकानात कुणी बसायचं, सासूबाईंच्या दवाखान्याच्या दिवशी कुणी सुट्टी घ्यायची, कुळाचाराच्या दिवशी दुकान बंद ठेवायचं. या ओळी मोडल्या तर वकिलाकडे जायचं नाही, चहा टाकून बोलायचं.

थोरलीने पहिल्यावर सही केली, आणि दुसऱ्यावर सही हवीच कशाला म्हणून तो घडी घालून पर्समध्ये टाकला.