प्रॉम्प्टमध्ये हयात चित्रकाराचं नाव टाकायचं की क्लायंटचा जुना फोटो वापरायचा? परवानगीच्या बाजूने दोन्हीची तुलना

एआयवर इमेज बनवून क्लायंटला देणाऱ्या डिझायनर लोकांसाठी लिहितोय, कारण हा प्रश्न आता दर दुसऱ्या कामात येतो आणि बहुतेकांची भीती चुकीच्या जागी असते. चित्रकाराचं नाव टाकायला सगळे घाबरतात, पण क्लायंटने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो मात्र बिनधास्त अपलोड करतात, कारण "त्यांचाच फोटो आहे ना". कायद्याच्या बाजूने बघितलं तर बऱ्याचदा उलट असतं.

एक काम डोळ्यासमोर ठेवू. समजा सांगलीतलं एक मिठाईचं दुकान आहे, मालकाला बॉक्सवर आजोबांचं चित्र हवंय, आजोबा १९७४ साली दुकानाच्या गल्ल्यावर बसलेत असा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरात आहे, मागे गावातल्या स्टुडिओचा शिक्का आहे. मालकाचं म्हणणं दोनपैकी एक काहीतरी करा, एकतर फोटोवरून रंगीत चित्र काढा, नाहीतर अमक्या चित्रकाराच्या स्टाइलमध्ये नवीन सीन बनवा, जुना बाजार, टांगे, दुकान वगैरे. तो चित्रकार हयात आहे आणि पुस्तकांची कव्हरं करतो.

आधी स्टाइलचा रस्ता घेऊ. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आयडियाला संरक्षण देत नाही, ती आयडिया ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या केसमध्ये हे स्वच्छ सांगितलंय, तिथे वाद नाटकावरून सिनेमा उचलला का असा होता. म्हणजे जाड शाईची रेघ, सपाट रंग, लांबट माणसं ही चित्रकाराची पद्धत झाली, त्यावर मालकी नसते. पण त्याचं एक ठराविक कव्हर, त्यातली छत्रीवाली बाई, तिची उभं राहण्याची ढब, मागची कमान, हे मात्र त्याचं आहे. आता गंमत अशी की नाव टाकल्यावर टूल नुसती पद्धत देईल याची खात्री नसते, कधी कधी ओळखता येईल इतकं जुनं चित्रच परत येतं, एवढंच काय कोपऱ्यात सहीसारखी वेलबुट्टी पण येते. ती दिसली की ती इमेज टाकूनच द्यायची, नुसती सही पुसून काम भागत नाही, कारण सही आली म्हणजे बाकीचं पण जवळून आलं असण्याची शक्यता आहे. गूगल लेन्स आणि टिनआय दोन्हीवर टाकून बघा, आणि त्या चित्रकाराची कव्हरं स्वतः शेजारी ठेवून बघा, कारण सर्चला सगळी चित्रं सापडत नाहीत.

दुसरा धोका कॉपीराइटचा नाही, नावाचा आहे. बॉक्सवर किंवा इन्स्टाच्या पोस्टमध्ये "अमक्यांच्या शैलीत" असं लिहिलं की ग्राहकाला वाटतं त्यांनीच काढलंय किंवा निदान त्यांची संमती आहे. इथे पासिंग ऑफ, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं, लागू शकतं, आणि नावलौकिकाचा वापर हा विषय आपल्या कोर्टांनी एआयच्या बाबतीत गंभीरपणे घेतलाय, २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल थांबवणारा आदेश दिला. तो आवाजाचा विषय होता, चित्राच्या शैलीचा नाही, पण एखाद्याच्या नावावर धंदा करू नका हा रोख तिथे स्पष्ट आहे. अमेरिकेत काही चित्रकारांनी २०२३ मध्ये स्टेबिलिटी एआय, मिडजर्नी वगैरेंवर दावा लावला, तिथेही एक मुद्दा हाच की चित्रकारांच्या नावांची यादी वापरून टूलची जाहिरात केली. आणि पोलंडचे ग्रेग रुतकोव्स्की, ज्यांचं नाव प्रॉम्प्टमध्ये इतकं टाकलं गेलं की त्यांच्या स्वतःच्या नावाने शोधलं तर त्यांची नसलेलीच चित्रं समोर यायला लागली अशी त्यांची तक्रार होती. हे वाचल्यावर मला तरी नाव टाकावंसं वाटत नाही, कायदा काहीही म्हणो, तो माणूस हयात आहे आणि याच कामावर पोट भरतो.

काही टूल हा प्रश्न आधीच सोडवतात, ओपनएआयने डॅल-ई ३ आणतानाच हयात चित्रकाराच्या शैलीतली मागणी नाकारायची सोय केली. बाकी ठिकाणी नाव चालतं म्हणून ते योग्य होतं असं नाही, आणि प्रॉम्प्ट तुमच्या अकाउंटमध्ये सेव्ह राहतो हे लक्षात ठेवा. उद्या वाद झाला तर "आम्हाला तो चित्रकार माहीतच नव्हता" म्हणायची सोय उरत नाही.

यातून सुटायचा रस्ता सोपा आहे, नाव काढायचं आणि हवं ते दिसणं शब्दात सांगायचं. मिठाईच्या बॉक्ससाठी असं काहीतरी:

```
busy small-town market, 1970s, high viewpoint,
thick ink outline, flat ochre and indigo, tonga in front
```

नाव हवंच असेल तर मुदत संपलेला चित्रकार घ्या. कॉपीराइट चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं टिकतो. चित्रकार म. वि. धुरंधर १९४४ ला गेले, त्यामुळे ते मोकळे. मारिओ मिरांडा २०११ ला गेले, म्हणजे २०७१ पर्यंत त्यांची चित्रं संरक्षित, गोव्यात त्यांच्यासारखं दिसणारं कितीही काही विकलं जात असलं तरी. "गेले म्हणजे फुकट" असं समजणारे डिझायनर खूप आहेत म्हणून हे सांगितलं.

आता फोटो. इथे मालकी कोणाची हे आधी ठरवायचं आणि ते फोटोगणिक बदलतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन, सांगून फोटो काढून घेतला असेल आणि उलट काही ठरलं नसेल तर पहिला मालक फोटो काढवून घेणारा असतो, फोटोग्राफर नाही. म्हणजे आजोबांनी स्टुडिओवाल्याला बोलावून पैसे दिले असतील तर हक्क आजोबांचा. निगेटिव्ह स्टुडिओकडे आहे यावरून काही ठरत नाही, निगेटिव्ह ही वस्तू आणि कॉपीराइट वेगळा. पण पाठीमागे किंवा पावतीवर "सर्व हक्क स्टुडिओकडे" छापलं असेल तर ते "उलट ठरलेलं" म्हणून पुढे येऊ शकतं, त्यामुळे फोटोची मागची बाजू पण स्कॅन करून मागवा. आजकालच्या लग्नाच्या फोटोग्राफरच्या करारात तर हे बहुतेक असतंच.

हाच फोटो एखाद्या मामाने हौस म्हणून फुकट काढला असेल तर हक्क मामाचा, आणि आता त्याच्या मुलांचा. वर्तमानपत्राचं कात्रण असेल तर वर्तमानपत्राचा किंवा प्रेस फोटोग्राफरचा, क्लायंटचा सहसा नाही, फोटोत चेहरा त्याच्या आजोबांचा असला तरी. चेहरा ज्याचा त्याचा फोटो हा समज इतका घट्ट आहे की क्लायंटला पटवायला वेळ लागतो.

मुदतीचं बघू. १९७४ चा फोटो अजून कॉपीराइटमध्येच आहे असं धरून चालायचं. १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ ला लागू झाला, त्याच्या आधीचे फोटो जुन्या नियमाने निगेटिव्ह झाल्यापासून ५० वर्षं असे मोजले जायचे, म्हणून १९४८ चा आजीच्या लग्नाचा फोटो असेल तर चिंता कमी.

आणि आपल्या केसमध्ये अजून एक अडचण आहे. हक्क आजोबांचा असेल तर तो वारसांकडे जातो, एकट्या दुकानदाराकडे नाही. आत्या, काका, ते हयात नसतील तर त्यांची मुलं, सगळे हिस्सेदार. वाद मिठाईच्या धंद्यावरून आधीच असेल तर बॉक्सवरचे आजोबा हे भांडणाचं नवीन निमित्त होणार, त्यामुळे सगळ्यांची सही असलेलं एक पानभर पत्र मागा. त्यात फोटोचं वर्णन, त्यात बदल करायची आणि एआय टूलमध्ये अपलोड करायची परवानगी, कशावर छापणार, किती वर्षं, कोणत्या देशात, एवढं लिहा. शेवटच्या दोन गोष्टी गाळू नका, कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि जागा लिहिली नाही तर फक्त भारत धरला जातो, लायसन्सलाही तेच लागतं, आणि दिवाळीत बॉक्स न्यू जर्सीला जाणार असतील तर हे महागात पडेल.

"पण मी फोटो इतका बदलला की ओळखूच येत नाही" हे उत्तर सगळ्यात जास्त ऐकू येतं. स्टेबल डिफ्युजनमध्ये `Denoising strength` नावाचा स्लायडर असतो, ०.३ ला फोटो जवळपास तसाच राहतो, ०.७ ला बराच बदलतो, आणि लोक समजतात वर नेला की आपण सुटलो. आकडा कोणी विचारत नाही, बघतात ते कोन, बसण्याची ढब, प्रकाश कुठून आलाय, चौकट कशी कापलीय. ते ओळखू आलं तर फोटो वापरला. अमेरिकेतली वॉरहॉलची केस इथे वाचण्यासारखी आहे, लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला, १९८४ मध्ये मासिकाने ४०० डॉलर देऊन एकाच वापरासाठी तो घेतला, त्यावरून अँडी वॉरहॉलने रंगीत चित्रांची मालिका केली. २०१६ मध्ये प्रिन्स वारल्यावर त्यातलंच दुसरं चित्र १०,००० डॉलर फी देऊन मासिकाच्या कव्हरवर आलं आणि गोल्डस्मिथला काही मिळालं नाही. २०२३ मध्ये अमेरिकी सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ मताने तिच्या बाजूने निकाल दिला. वॉरहॉलच्या हातात फोटो इतका बदलून सुद्धा. भारतात हा निकाल बंधनकारक नाही, पण दिशा कळते.

फोटोग्राफरचा एक हक्क मालकी गेली तरी राहतो, कलम ५७ चा. नाव लावून घेण्याचा, आणि बदनामी होईल अशी मोडतोड रोखण्याचा. रंग भरणं, ओरखडे काढणं यात काही जात नाही. आजोबांच्या हातात नसलेलं ट्रेडमार्कवालं काहीतरी देणं यात जाऊ शकतं. स्टुडिओचं नाव शक्य तिथे छापा, आणि डिजिटल कॉपीवरचा वॉटरमार्क एआयने पुसू नका, त्याला कलम ६५ब मध्ये वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद.

घरात फ्रेम करून लावायचं असेल तर दोन्हीकडे फारसा प्रश्न येत नाही, खासगी वापराला सूट आहे. विकायच्या वस्तूवर आलं की बदलतं.

मग या कामात मी काय निवडेन? पैसे देऊन काढलेला फोटो असेल आणि वारसांची सही मिळत असेल तर सरळ फोटो. कागद हातात आला की तो रस्ता पक्का होतो, आणि आजोबा खरे दिसतात. स्टाइलच्या रस्त्याला असा कागद सहज मिळत नाही, चित्रकाराला विचारायचंच असेल तर प्रामाणिक विचारणा अशी की तुम्हीच हे चित्र कराल का, किती घ्याल, आणि त्यांच्याकडूनच करून घ्यायचं.

सही मिळत नसेल, किंवा फोटो कोणाचा हेच कळत नसेल, तर तो टूलमध्ये टाकूच नका. चेहऱ्यावर कॉपीराइट नसतो, त्या एका चौकटीवर असतो. घरातल्यांकडून आजोबांचं वर्णन घ्या, टोपी कशी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती का, वजनकाटा कुठल्या बाजूला, आणि वेगळ्या कोनातून, वेगळ्या ढबीत नवीन चित्र करा. त्या फोटोसारखं दिसलं तर परत बदला, आणि छापायला देण्याआधी घरातल्या सगळ्यांना दाखवून त्यांचं लेखी हो घ्या.