संकल्पना नकाशा तपासताना संज्ञा मोजायच्या की जोडण्या?

संज्ञा बाणांनी जोडायच्या आणि प्रत्येक बाणावर त्यांचा संबंध लिहायचा, असा संकल्पना नकाशाचा प्रश्न विज्ञानाच्या पेपरात घालायचा ठरला की पहिली अडचण गुण देण्याची येते. नकाशात किती संज्ञा आल्या ते मोजणं सर्वांत झटपट होतं आणि त्यावर वादही होत नाही. पण संज्ञांची यादी प्रश्नातच दिलेली असेल, तर ही मोजणी विद्यार्थ्याला यादी उतरवता येते की नाही एवढंच तपासते. मग दुसरं काय वापरायचं? एकाच वर्गातले दोन नकाशे कल्पून, तीन पद्धतींनी तपासून बघू.

विषय प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन. दिलेल्या संज्ञा दहा: वनस्पती, प्रकाशसंश्लेषण, श्वसन, सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, कार्बन डायऑक्साइड, पाणी, ग्लुकोज, ऑक्सिजन, ऊर्जा.

पहिल्या विद्यार्थ्याने दहाही संज्ञा घेतल्या, वर पान आणि मूळ ही स्वतःची भर घातली. बाण अकरा. वनस्पतीला पान असते, मूळ असते, पानात हरितद्रव्य असते, वनस्पती प्रकाशसंश्लेषण करते, सूर्यप्रकाश ऊर्जा देतो, या पाच जोडण्या बरोबर. प्रकाशसंश्लेषणापासून सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ग्लुकोज यांच्याकडे गेलेल्या चारही बाणांवर मात्र एकच शब्द आहे: 'संबंधित'. ऑक्सिजनकडून प्रकाशसंश्लेषणाकडे जाणाऱ्या बाणावर 'तयार करतो' लिहिलंय, म्हणजे बाण उलटा. आणि वनस्पतीकडून श्वसनाकडे: 'रात्री करते'.

दुसरीने आठच संज्ञा वापरल्या. वनस्पती आणि पाणी राहून गेलं. बाण नऊ. हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते, सूर्यप्रकाश प्रकाशसंश्लेषणाला ऊर्जा पुरवतो, प्रकाशसंश्लेषण कार्बन डायऑक्साइड वापरते, ग्लुकोज तयार करते, ऑक्सिजन सोडते. श्वसन ऑक्सिजन वापरते, कार्बन डायऑक्साइड सोडते, ऊर्जा मुक्त करते. नववा बाण ग्लुकोजकडून श्वसनाकडे, त्यावर 'विघटन करते'. तोही उलटा.

संज्ञा मोजल्या तर पहिल्याला 12, दुसरीला 8. दुसरीच्या नकाशात दोन प्रक्रिया एकमेकींच्या उलट बाजूंनी जोडल्या गेल्यात, हे या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

दुसरी पद्धत रचनेला गुण देणारी. जोसेफ नोव्हाक आणि बॉब गोविन यांनी 1984 मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक योग्य जोडणीला 1, उतरंडीच्या प्रत्येक योग्य पातळीला 5, नकाशाच्या दोन वेगळ्या भागांना अर्थपूर्ण जोडणाऱ्या आडव्या दुव्याला 10 आणि उदाहरणाला 1 गुण मिळतो. कल्पना उत्तम आहे, कारण आडवा दुवा हीच समजुतीची खरी खूण. पण परीक्षेत ती अडखळते. पहिल्याचा नकाशा झाडासारखा उतरत जातो, म्हणून पाच बरोबर जोडण्यांचे 5 आणि तीन पातळ्यांचे 15 मिळून 20. दुसरीचा नकाशा चक्रासारखा फिरतो, त्यात वरची पातळी कोणती आणि खालची कोणती? पातळ्या शून्य धरल्या तर आठ बरोबर जोडण्यांचे 8. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडमधून दोन्ही प्रक्रिया जोडल्या जातात, त्याला आडवे दुवे म्हणायचं की नाही हे तपासणाऱ्याने ठरवायचं. म्हटलं तर 28, नाही म्हटलं तर 8. एकाच उत्तरात वीस गुणांचा फरक निव्वळ तपासणाऱ्यामुळे पडणार असेल, तर ती पद्धत वर्गातल्या चर्चेपुरती ठेवावी, पेपरात आणू नये.

तिसरी पद्धत प्रत्येक जोडणी सुटी वाचते. दोन संज्ञांत काही संबंधच नसेल तर 0; संबंध आहे पण बाणावरचे शब्द चुकीचे किंवा पोकळ, तर 1; शब्द बरोबर पण बाण उलटा, तर 2; सगळं बरोबर, तर 3. मॅक्लूर, सोनाक आणि सुएन यांनी 1999 मध्ये सहा पद्धतींची तुलना केली, तेव्हा जाणकाराने आधीच काढलेला आदर्श नकाशा समोर ठेवून जोडण्या अशा एकेक तपासल्यावर गुणांत सर्वाधिक सातत्य दिसलं.

त्यातलं 'आदर्श नकाशा समोर ठेवून' महत्त्वाचं. तो नसेल तर पहिल्याला 22 गुण पडतात, दुसरीला 26. क्रम सुधारला, पण फरक फारच थोडा. कारण 'वनस्पतीला मूळ असते' या जोडणीलाही पूर्ण 3 गुण आहेत. अशा बिनधोक जोडण्या वाढवत गेलं की बेरीज फुगते, म्हणजे मोजणीच मागच्या दाराने परत येते. बरोबर जोडण्यांचं एकूण जोडण्यांशी प्रमाण काढणं हा उपाय सुचतो खरा, पण मग दोनच बाण काढून दोन्ही बरोबर आणणाऱ्याला शंभर टक्के!

म्हणून आधी आवश्यक जोडण्या ठरवायच्या. इथे त्या दहा धरू: दुसरीच्या नऊ, आणि प्रकाशसंश्लेषण पाणी वापरते ही दहावी. एकूण गुण 30. आता पहिल्याचे 'संबंधित'वाले चार बाण 4 गुण देतात आणि ऑक्सिजनचा उलटा बाण 2.

| पद्धत | पहिला | दुसरी |
|---|---|---|
| संज्ञांची संख्या | 12 | 8 |
| नोव्हाक-गोविन | 20 | 8 किंवा 28 |
| जोडण्या, आदर्श नकाशाशिवाय | 22 | 26 |
| जोडण्या, आदर्श नकाशासह | 30 पैकी 6 | 30 पैकी 26 |

सहा गुणांच्या प्रश्नात रूपांतर केलं तर पहिल्याला साधारण 1, दुसरीला 5. पहिल्यावर हे कठोर वाटेल. पण प्रश्नातच 'प्रत्येक बाणावर नेमकं क्रियापद लिहा, नुसतं संबंधित लिहिल्यास पूर्ण गुण नाहीत, जास्तीत जास्त दहा जोडण्या काढा' असं छापलं असेल, तर मला ते अन्यायाचं वाटत नाही. सूचना न छापता ही पद्धत लावणं मात्र चूक.

आदर्श नकाशाचेही दोन धोके आहेत. एक, वेगळी पण बरोबर जोडणी कापली जाते. कुणी 'हरितद्रव्य प्रकाशसंश्लेषणासाठी आवश्यक' असं लिहिलं तर ते सूर्यप्रकाश शोषण्याच्या जोडणीऐवजी चालेल का, हे गठ्ठा उघडण्यापूर्वी ठरवावं लागतं. बाणाची दिशाही शब्दांसकट वाचायला हवी. दुसरीने त्याच उलट्या बाणावर 'चे विघटन होते' लिहिलं असतं, तर 'ग्लुकोजचे श्वसनात विघटन होते' असं सरळ वाक्य होऊन 3 गुण मिळाले असते. दोन तपासणाऱ्यांनी आधी मोजके पेपर वेगवेगळे तपासून जोडणीगणिक गुण ताडून पाहिले की अशा जागा सापडतात. नुसत्या बेरजा जुळवल्या तर त्या झाकल्या जातात.

दुसरा धोका अधिक गंभीर. 'वनस्पती श्वसन रात्री करते' हा पहिल्याचा गैरसमज वरच्या दहा जोडण्यांत कुठेच पकडला जात नाही, कारण ती जोडणी यादीतच नाही. उणे गुण देण्याच्या मी विरोधात आहे. मुलं मग खात्रीच्या दोन रेषा काढून थांबतात. त्यापेक्षा 'वनस्पती श्वसन दिवसरात्र करते' ही अकरावी जोडणी यादीत घालावी आणि प्रश्नातली मर्यादाही अकरावर न्यावी. मग पहिल्याला 33 पैकी 7 पडतात, दुसरीला 26, आणि तो गैरसमज किती पेपरांत आहे हे त्या एका रकान्यावरून कळतं.